‘ती’ कोण, ते आधी विचार

यंदा दिवाळी अंकाच्या कविता निवडायचं काम तुझ्याकडे आलंय, तर एक गोष्ट सांगून ठेवते. ‘कळली नाही’ एवढ्यावरून कविता परत पाठवू नकोस, आणि ‘कळली नाही म्हणजे थोर असणार’ अशा धाकानं घेऊही नकोस. माझ्याकडून दोन्ही चुका झाल्यात.

एकदा एका मुलाची कविता आली. शीर्षक नव्हतं. ओळी साधारण अशा होत्या:

पहाटे दार लावलं.
मागं वळून पाहिलं नाही.
ती परत आली नाही.

मला आवडली. तरी सवयीप्रमाणे तिघांना वेगवेगळी वाचायला दिली: आमचे मुद्रितशोधक, अक्षरजुळणी करणारा मुलगा आणि माझी धाकटी बहीण. एकत्र बसवून कधी विचारू नये; पहिला बोलतो तेच बाकीचे बोलतात. आणि ‘कशी वाटली?’ असंही विचारू नये. विचारायचं ते एवढंच, की यात कोण आहे आणि काय घडलंय? शोधक म्हणाले, बायको माहेरी गेली. मुलगा म्हणाला, आई वारली. बहीण म्हणाली, झोप उडालीय, दुसरं काय!

तिघांच्या तीन कविता झाल्या, आणि त्या एकमेकींना काही देत नव्हत्या. बायको खरी धरली की झोप फुकट जाते. अशी संदिग्धता वाचकाला नुसती चकवते. ‘कोण, काय’ यावर तिघांचं जमलं असतं आणि ‘का, म्हणजे काय’ यावर फाटलं असतं, तर मी डोळे मिटून कविता घेतली असती.

यात आपल्या मराठीचा हात मोठा आहे, तिकडे लक्ष ठेव. ‘दार लावते’ म्हटलं की बाई दिसते, ‘लावतो’ म्हटलं की पुरुष. पण ‘दार लावलं’ म्हटलं की क्रियापद दाराच्या मागं जातं आणि लावणारा अंधारात राहतो. त्यात ‘ती’ म्हणजे बाई, मांजर, वीज, आठवण, काहीही. नवा कवी हे जाणून करतो असं नाही. भाषाच त्याला लपायला जागा देते आणि त्याला वाटतं, आपल्याला गूढ साधलं.

मी कविता लिहिणाऱ्या त्या मुलाला बोलावून विचारलं, “ती कोण रे?” आधी म्हणाला, वाचकानं ठरवावं. मी म्हटलं, “वाचक ठरवेल, पण तुला ठाऊक आहे ना?” बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “आमची गाय. बाबांनी बाजारात नेऊन विकली.”

एक अक्षर न बदलता वर ‘गुरांचा बाजार’ एवढं शीर्षक घातलं. आता मधली ओळ पुन्हा वाच. मागं वळून कुणी पाहिलं नाही? गाईनं, की बापानं? व्याकरण दोघांनाही मुभा देतं, आणि गंमत म्हणजे दोन्ही खरं असू शकतं. गाय वळली नाही हे दुःख, बापाला वळवलं नाही हे त्याहून वेगळं, आणि एकामुळे दुसरं वाढतं. मघाशी जी ओळ धुकं होती, तिलाच आता दोन तोंडं फुटली. पायाखालची जमीन पक्की झाल्यावरच हे होतं.

मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त ‘संदिग्ध’ हा दोषच मानलाय. त्याच्या उदाहरणातलं ‘वन्द्याम्’ हे रूप ‘वंदनीय’ असंही लागतं आणि ‘पळवून आणलेल्या बाईच्या ठायी’ असंही, आणि वाचक अडकतो. पण हाच दोष व्याजस्तुतीत गुण ठरतो, असंही तोच सांगतो. म्हणजे शब्दाला दोन अर्थ आहेत का, एवढं पाहून भागत नाही. ते कुठे बसलेत ते पाहायचं.

ग्रेसांना दुर्बोध म्हणणारे पुष्कळ. पण १९६७ च्या पहिल्या संग्रहाचं नाव बघ, ‘संध्याकाळच्या कविता’. वेळ आधीच हातात दिलीय. ओळीचा अर्थ निसटला तरी आपण कुठल्या उजेडात उभे आहोत, ते कळतं.

एक अपवाद ध्यानात असू दे. कधी ‘कोण’ हे न कळणं हाच कवितेचा विषय असतो. विस्मरण झालेल्या आजीच्या तोंडची कविता असेल तर ‘ती कोण’ हे आजीलाच ठाऊक नसणार. तिथे तिघं वाचक तीन नावं घेतील, पण तिघंही म्हणतील की बोलणारीला आठवत नाहीये. तेवढं जमलं तर घे.

आणि कविता परत पाठवताना ‘दुर्बोध’ हा शब्द चिठ्ठीत लिहू नकोस. तिघांनी दिलेली तीन उत्तरं तेवढी लिही, नावं न घालता. त्या मुलालाही मी आधी तेच दाखवलं होतं. ‘झोप’ वाचून तो हसला, आणि मग गाईचं बोलला.