घटक ४ : लघुकथेतील क्षण – निवृत्त शिक्षिकेच्या एका कथेचे वाचन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• कथेचा काळ आणि कथेतील घटनांचा काळ यांतील फरक सांगता येईल.
• निवेदकाच्या निवडीचा कथेच्या अर्थावर होणारा परिणाम उदाहरणासह स्पष्ट करता येईल.
• लहानसा तपशील कथेचा आशय कसा पेलतो, हे दाखविता येईल.
• कथेचा शेवट कोठे फसतो, ते ओळखता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठी लघुकथेचा विकास पाहिला. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात कथेच्या रचनातंत्राची चर्चा केली. पुढे १९४५च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले आदी नवकथाकारांनी कथानकाच्या बांधणीपेक्षा पात्राच्या मनात घडणाऱ्या सूक्ष्म हालचालींकडे लक्ष वळविले. या दोन्ही दृष्टी प्रत्यक्ष वाचनात कशा उपयोगी पडतात, हे पाहण्यासाठी या घटकात एकच कथा विचारात घेतली आहे. ‘शेरा’ नावाची ही कथा या पाठासाठीच रचलेली आहे. प्रथम तिचा गोषवारा आणि मग तिचा शेवटचा भाग वाचा.

४.२ कथा : ‘शेरा’

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मराठी शिकविणाऱ्या बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आहेत. गावातल्या साप्ताहिकात त्या शाळेच्या आठवणी लिहू लागतात. दोन लेख छापून येतात, पण कोणी काही बोलत नाही. तिसरा लेख ‘रिकामा बाक’. आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारा, कविता खड्या आवाजात म्हणणारा एक मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही. लेखाच्या अखेरीस बाई लिहितात : ‘अभ्यासाची गोडी नसलेली मुले अशीच गळून पडतात.’ हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडलेले असते. आठ दिवसांनी एका दुपारी साप्ताहिकाच्या कचेरीतला मुलगा एक पोस्टकार्ड आणून देतो. कथेचा शेवटचा भाग असा आहे :

“कार्ड निळ्या शाईने लिहिलेले होते. समास सोडलेला होता. तारीख उजव्या कोपऱ्यात, मायना डावीकडे. बाईंनी आठवीला शिकविले होते तसेच.

‘ती. बाईंस शि. सा. न. वि. वि. तुमचा लेख वाचला. तो मुलगा मीच. दिवाळी झाल्यावर आम्ही कारखान्यावर गेलो आणी पाडव्यानंतर परत आलो, तेव्हा पटावर माझे नाव नव्हते. मी तीन दिवस फाटकापाशी उभा राहिलो. तुम्ही आत होतात. गोडी नव्हती असे नाही. अक्षर चांगले नाही, माफ करावे.’

टेबलावर तांबडे पेन होते. बाईंनी ते उचलले आणि ‘आणी’तल्या ‘णी’भोवती गोल केला. मग त्यांनी कार्ड पुन्हा वाचले. या वेळी त्या ‘फाटकापाशी’ या शब्दाजवळ थांबल्या.

ऊन सरकून भिंतीवर गेले. बाईंनी तांबडे पेन खाली ठेवले, निळे शोधले आणि कपाटातून एक कोरा कागद काढला. तारीख लिहिली. मग मायना लिहायला हात टेकवला. चि. लिहावे की श्री., हे त्यांना ठरवता येईना.”

४.३ विवेचन

४.३.१ क्षणाची निवड

बाईंची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची असणार. मुलाने शाळा सोडली, त्याला बरीच वर्षे झाली आहेत. हा झाला घटनांचा काळ. परंतु कथा प्रत्यक्षात व्यापते ती एक दुपार, आणि त्या दुपारीही दोनच कृती घडतात : कार्ड वाचणे आणि उत्तर लिहायला बसणे. आधीची सगळी वर्षे या दोन कृतींमध्ये दाबून बसविली आहेत.

असा विषय सुचला की नवा लेखक बहुधा निरोपसमारंभापासून आरंभ करतो. हार, भाषणे, रिकामे घर, मग लेखनाची कल्पना, अशा क्रमाने तो पुढे जातो. त्यात चूक अशी काही नाही, पण पाच पाने संपली तरी बाईंवर कोणताही प्रसंग आलेला नसतो. कथेचा आरंभ योग्य जागी आहे का, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. पहिली दोन पाने झाकून वाचावे. वाचकाला काहीच उणे वाटले नाही, तर कथा त्या दोन पानांनंतर सुरू होते, असे समजावे.

४.३.२ निवेदकाची जागा

कथा तृतीय पुरुषी आहे, परंतु निवेदक बाईंच्या खांद्याजवळ उभा आहे. बाईंना जे ठाऊक आहे तेवढेच तो सांगतो. याचा परिणाम लेखातल्या त्या वाक्यावर होतो. ‘अभ्यासाची गोडी नसलेली मुले अशीच गळून पडतात’ हे वाक्य आपणही प्रथम वाचताना मान्य करून पुढे जातो. ते शहाणपणाचे वाटते. कार्ड आल्यावर ते खोटे ठरते, आणि तेव्हा बाईंबरोबर वाचकही चुकलेला असतो.

निवेदक सर्वज्ञ असता तर त्याने मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेल्याचे आधीच सांगितले असते. मग आपण बाईंपेक्षा शहाणे होऊन त्यांच्याकडे वरून पाहिले असते. कथा प्रथम पुरुषात असती तर बाईंना आपला पश्चात्ताप शब्दांत मांडावा लागला असता आणि कथेची कबुली झाली असती. खांद्याजवळचा निवेदक या दोन्ही गोष्टी टाळतो.

येथे सामाजिक संदर्भ लक्षात घ्यावा. बीड आणि शेजारच्या दुष्काळी भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या हंगामासाठी स्थलांतर करतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको ‘कोयता’ म्हणून जोडीने राबतात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. हंगाम शैक्षणिक वर्षाच्या ऐन मध्यात येतो आणि परीक्षा तोंडावर आल्यावर संपतो. कथेत यातले काहीही समजावून सांगितलेले नाही. ‘कारखान्यावर गेलो’ आणि ‘पाडव्यानंतर परत आलो’ एवढेच आहे. त्या प्रदेशातल्या वाचकाला तेवढे पुरते. ज्याने पत्र लिहिले त्यालाही ते बाईंना समजावून सांगण्याची गरज वाटत नाही. त्या गावात राहून बाईंना हे ठाऊक असायला हवे होते, हा कथेतला सर्वांत कठोर आरोप न बोलता केलेला आहे.

४.३.३ तपशील : ‘णी’भोवतीचा गोल

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाच्या तपशिलाकडे वळू. बाई कार्ड वाचतात तेव्हा त्यांचा पहिला प्रतिसाद म्हणजे शुद्धलेखनाची चूक दाखविणे. हा केवळ सवयीचा विनोद आहे का? थोडे बारकाईने पाहा.

मराठी शुद्धलेखनाच्या नियमानुसार शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार सामान्यतः दीर्घ लिहितात : पाटी, गाडी, पाणी, लाडू. ‘आणि’ आणि ‘नि’ ही अव्यये या नियमाला अपवाद आहेत. ती ऱ्हस्व लिहितात. म्हणजे ‘आणी’ लिहिणाऱ्याने नियम पाळला आहे, अपवाद मात्र त्याच्या हातून सुटला आहे. बाईंच्या हातून हेच घडले आहे. सतत गैरहजर मुलाचे नाव पटावरून कमी करणे हा नियम त्यांनी पाळला. हा मुलगा अपवाद होता, हे त्यांच्या लक्षात आले नाही. अक्षरातला अपवाद त्यांना एका नजरेत दिसतो. बाकावरचा दिसला नव्हता.

कथा ही तुलना मांडून दाखवीत नाही, हे तिचे बळ आहे. ‘बाईंच्या मनात आले, आपणही एक अपवाद विसरलो’ असे एखादे वाक्य घातले असते, तर तपशिलाचे काम संपून उपदेश सुरू झाला असता. शिवाय कार्डातले बाकीचे सारे, म्हणजे समास, तारीख, मायना, निर्दोष आहे. ‘गोडी नव्हती असे नाही’ या विधानाचा पुरावा त्या मांडणीतच आहे.

तपशील निभावतो की नुसता शोभेचा आहे, हे ओळखण्यासाठी तो काढून पाहावा. भिंतीवर सरकलेले ऊन काढले तर फक्त वेळ गेल्याची खूण जाते. गोल काढला तर कथाच उरत नाही.

४.३.४ शेवट

या कथेला दोन सोपे शेवट सुचतात. पहिल्यात तो मुलगा आता मोठा अधिकारी झालेला असतो आणि बाईंच्या पायांवर डोके ठेवतो. दुसऱ्यात बाई लेखन कायमचे बंद करतात. पहिला शेवट आरोप पुसून टाकतो. दुसरा बाईंना शिक्षा देऊन वाचकाला मोकळे करतो. दोन्हींत हिशेब मिटतो.

प्रत्यक्ष कथेत कार्ड येणे ही कलाटणी वाटते, पण खरी कलाटणी मायन्यापाशी आहे. ‘चि.’ लिहिले तर तो अजूनही त्यांचा विद्यार्थी ठरतो, आणि तो हक्क पटावरून नाव काढल्यावर उरला का, हा प्रश्न आहे. ‘श्री.’ लिहिले तर तो परका ठरतो, आणि त्याने तर ‘ती.’ लिहून आपले नाते राखले आहे. आयुष्यभर मायना शिकविलेल्या व्यक्तीला मायना सुचत नाही, येथे कथा थांबते. शीर्षकाचा अर्थही येथेच पुरा होतो : इतरांच्या वह्यांवर शेरे देणाऱ्या बाईंना मिळालेला हा पहिला शेरा आहे.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कार्डातील ‘तुम्ही आत होतात’ हे वाक्य वगळले तर कथेत कोणता फरक पडेल?
२. तांबडे पेन ठेवून निळे शोधणे, या कृतीचा अर्थ चार-पाच वाक्यांत लिहा.
३. मुलाने कार्डावर आपले नाव लिहिले असेल, पण कथा ते सांगत नाही. त्याचे कारण काय असावे?

४.५ सारांश

लघुकथा दीर्घ काळाचा भार एका क्षणावर ठेवते. तो क्षण कोणाच्या नजरेतून दिसतो, यावर वाचक कोठे उभा राहणार हे ठरते. नेमका तपशील भाष्याची जागा घेतो. शेवट हिशेब मिटविण्यासाठी नसतो. पात्राला आता कोणती निवड करावी लागणार आहे, ते तो दाखवितो.

४.६ उपक्रम

हीच दुपार कार्ड लिहिणाऱ्याच्या बाजूने, सुमारे तीनशे शब्दांत लिहा. त्याने साप्ताहिक कोठे वाचले, कार्ड लिहिताना हात कोठे अडला आणि ‘मी तीन दिवस फाटकापाशी उभा राहिलो’ हे वाक्य लिहावे की खोडावे, असे त्याला वाटले का, याचा विचार करा. लिहून झाल्यावर मूळ कथा पुन्हा वाचा आणि आपल्या कथेत कोणती गोष्ट न सांगता राहिली, ते समासात नोंदवा.