वाचनाचे उद्दिष्ट मोजता येईल असे कसे लिहावे?

प्रश्न : डिस्लेक्सिया असलेल्या चौथीतील विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात ‘वाचन सुधारेल’ एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे काय? – एक शिक्षिका, इंदापूर

उत्तर : पुरेसे नाही, कारण सुधारणा झाली की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी पुरेशी असूनही अक्षर व ध्वनी यांची सांगड घालण्यात येणारी अडचण, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील विशिष्ट अध्ययन अक्षमतेत मोडते. बारामती-इंदापूरच्या शाळांनी गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाला सोबत घेऊन प्रथम आरंभरेषा नोंदवावी. समजा, दुसरीच्या पातळीचा अपरिचित उतारा वाचताना मूल मिनिटाला 24 शब्द अचूक वाचते आणि ‘पुस्तक’ऐवजी ‘पुतक’ म्हणते, तर उद्दिष्ट असे लिहावे : ‘बारा आठवड्यांत मिनिटाला 36 अचूक शब्द, आणि दहापैकी आठ जोडाक्षरी शब्द बरोबर.’ दर आठवड्याला मोजणी करावी. सलग चार नोंदी आरंभरेषेपासून उद्दिष्टापर्यंतच्या अपेक्षित रेषेखाली राहिल्या, तर उद्दिष्ट खाली न आणता अध्यापनाची पद्धत बदलावी.

सवलती, म्हणजे अपेक्षा तीच ठेवून वाट मोकळी करणारे बदल, वेगळ्या लिहाव्यात : परिसर अभ्यासाचा प्रश्न वाचून दाखवणे, तोंडी उत्तर स्वीकारणे, फळ्यावरील मजकूर छापील देणे. मात्र वाचनाची मोजणी चालू असताना उतारा वाचून दाखवू नये. तेथे नेमके तेच कौशल्य तपासले जात असते.