दुसऱ्या शनिवारी फंड मोडत नाही

सप्टेंबर 2021 मध्ये आमच्या हातात सहा लाख रुपये होते. नवऱ्याच्या कारखान्यात कपातीची कुजबुज सुरू होती आणि पुढची दोन वर्षं कशी जातील, सांगता येत नव्हतं. घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि मुलीची फी मिळून महिन्याला पन्नास हजार लागत. म्हणजे ते सहा लाख ही आमची वर्षभराची शिदोरी होती. दोन वर्षं तिला हात लावायचा नाही आणि लागलाच तर घाईतच लागेल, एवढं ठाऊक होतं.

बँकेत एफडीवर तेव्हा जेमतेम पाच टक्के मिळत होते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मोबाइलवर एका शॉर्ट ड्युरेशन डेट फंडाचा आधीच्या वर्षांचा परतावा दाखवला. तो सात-आठ टक्क्यांचा होता. "एफडीत पैसे कुजवता कशाला, ताई? हवे तेव्हा काढता येतात," तो म्हणाला. मीच हट्ट धरला आणि सगळे सहा लाख त्या फंडात गेले. नवऱ्याचं केवायसी आधीच झालेलं होतं, म्हणून फोलिओ त्याच्या एकट्याच्या नावावर केला.

10 जून 2022, शुक्रवार. रात्री नऊच्या सुमाराला नाशिकच्या गंगापूर रोडवर त्याच्या स्कूटरला मागून धडक बसली. मांडीचं हाड मोडलं. शुद्धीवर होता, पण खिशातल्या मोबाइलचा चुरा झाला होता. रुग्णालयाने सकाळच्या ऑपरेशनसाठी एक लाख अनामत मागितली. विमा होता, पण कॅशलेसची मंजुरी यायला वेळ लागणार होता.

फंडाचा ओटीपी फुटलेल्या फोनवर येणार. शनिवारी दुपारी दुकानातून नवीन सिम आणलं, संध्याकाळी ते सुरू झालं आणि मी पैसे काढायची विनंती टाकली. पण तो महिन्याचा दुसरा शनिवार होता. त्या दिवशी विनंती टाकली काय आणि रविवारी टाकली काय, भाव मिळणार सोमवारचा. पैसे खात्यात आले बुधवारी, म्हणजे वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. तोवर "वहिनी, तुम्ही काळजी करू नका" म्हणत दीरांनी ऐंशी हजार पाठवले होते आणि उरलेले मी क्रेडिट कार्डावर भरले होते.

बुधवारी खात्यातली रक्कम पाहिली. नऊ महिन्यांत सहा लाखांचे सहा लाख दोन हजार तीनशे झाले होते. हीच रक्कम एफडीत असती आणि दंड भरून मोडली असती, तरी सतरा हजारांच्या आसपास व्याज मिळालं असतं. पैसे बुडाले नाहीत, पण ते हवे होते शुक्रवारी.

फंडाने मला फसवलं नव्हतं. तो कशाचा बनला आहे हे मी पाहिलंच नव्हतं. डेट फंड म्हणजे कर्जरोख्यांची टोपली. बाजारात व्याजदर वाढले की आधीच्या कमी व्याजाच्या रोख्यांना कोणी जुना भाव देत नाही आणि त्यांची किंमत उतरते. किती उतरेल, याचा अंदाज फंडाच्या मासिक माहितीपत्रकात 'मॉडिफाइड ड्युरेशन' या नावाने छापलेला असतो. तो आकडा दोन असेल, तर बाजारातले दर एक टक्का वाढल्यावर फंडाची किंमत साधारण दोन टक्के घसरते. रिझर्व्ह बँकेने 4 मे 2022 ला, ठरलेली बैठक नसताना, रेपो दर 4 वरून 4.40 टक्के केला आणि 8 जूनला 4.90. बाजारातले दर त्याच्या आधीपासूनच चढत होते. नऊ महिन्यांत फंडाने कमावलेलं व्याज या घसरणीने जवळजवळ खाऊन टाकलं. मला दाखवलेला सात-आठ टक्क्यांचा परतावा दर उतरत होते त्या काळातला होता. तोच झोका आता उलटा गेला होता.

आणखी अडीच-तीन वर्षं थांबले असते तर फंड सावरला असता. पण आणीबाणीचा पैसा थांबू शकत नाही. म्हणून पहिला धडा असा: या कामाला डेट फंड घ्यायचाच असेल तर 'लिक्विड' किंवा फार तर 'मनी मार्केट' प्रकारातला घ्या. लिक्विड फंड जास्तीत जास्त 91 दिवसांच्या रोख्यांत पैसे ठेवतो आणि मनी मार्केट फंड एक वर्षापर्यंतच्या. त्यामुळे दर हलले तरी झोका लहान असतो. शॉर्ट ड्युरेशन, गिल्ट, क्रेडिट रिस्क ही नावं दिसली की बाजूला ठेवा. क्रेडिट रिस्क फंडाला तर निदान 65 टक्के पैसे एए किंवा त्याखालच्या दर्जाच्या रोख्यांत ठेवावे लागतात. जास्त परतावा तिथूनच येतो.

नुसत्या नावावरही विसंबू नका. 23 एप्रिल 2020 ला फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा डेट योजना गुंडाळल्या, त्यांतल्या एकीच्या नावात 'अल्ट्रा शॉर्ट' होतं. कमी दर्जाच्या रोख्यांना कोविडच्या काळात गिऱ्हाईक मिळेना आणि पैसे काढणाऱ्यांची रांग लागली, ही अडचण होती. गुंतवणूकदारांना पैसे पुढे हप्त्याहप्त्याने मिळत गेले, पण टाळेबंदीत नोकरी गेलेल्याला त्या हप्त्यांचा काय उपयोग? माहितीपत्रकात रोख्यांची यादी असते. जवळजवळ सगळे रोखे सरकारी किंवा सर्वोच्च दर्जाचे, म्हणजे एएए किंवा अल्प मुदतीच्या कागदांसाठी ए1+, असतील तरच पुढे जा.

एफडीचेही खाचखळगे आहेत, तेही मला नंतरच कळले.

मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला ठरलेला दर मिळत नाही. ठेव ठेवली त्या दिवशी तेवढ्या काळासाठी जो दर होता तो लागतो आणि बहुतेक बँकांत त्यातून अर्धा ते एक टक्का दंड वजा होतो. समजा, दोन वर्षांची ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवली आणि दहा महिन्यांनी मोडली. दहा महिन्यांचा दर सहा टक्के होता, दंड एक टक्का. मग हाती येतात पाच टक्के, म्हणजे लाखाला साधारण 4,170 रुपये. सहा लाखांची एकच पावती असेल आणि गरज लाखाची असेल, तर हा तोटा सगळ्या सहा लाखांना लागू शकतो. म्हणून पावत्या लाख-लाखाच्या वेगवेगळ्या करा आणि लागेल तेवढीच मोडा. करबचतीची पाच वर्षांची ठेव या कामाला अजिबात नको, ती मुदतीआधी मोडता येत नाही.

दुसरा खाचखळगा सह्यांचा. आम्ही नवरा-बायकोच्या जोड नावाने, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशी पावती केली होती आणि कोणीही एकाने जाऊन मोडावी, असं समजत होतो. तसं नसतं. मुदत संपल्यावर पैसे कोणीही एक घेऊ शकतो, पण मुदतीआधी मोडायला दोघेही हयात असताना साधारणपणे दोघांच्याही सह्या लागतात. एकाच्या पश्चात दुसऱ्याला मुदतीआधी पैसे मिळावेत, यासाठीही तशी संयुक्त लेखी सूचना बँकेत आधी देऊन ठेवलेली हवी. ठेव उघडताना हे विचारून घ्या. एक पावती मात्र प्रत्येकाच्या एकट्याच्या नावाने, नामनिर्देशन करून, ऑनलाइन उघडा. अशी पावती बऱ्याच बँकांत रात्रीही मोबाइलवर मोडता येते आणि पैसे बचत खात्यात लगेच जमा होतात. शाखेत कागदावर केलेली पावती कधी कधी शाखेतच न्यावी लागते.

तिसरी गोष्ट बँकेची. 2020 पासून एका बँकेत एका व्यक्तीच्या सर्व ठेवींना मिळून, व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे. फंडाला असं कवच नाही. पण विमा असला तरी वाट बघावी लागते. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. पाव टक्का जास्त मिळतो म्हणून ही पुंजी लहान बँकेत नेऊ नका.

आता कर. पूर्वी तीन वर्षं ठेवलेल्या डेट फंडाला करात मोठी सवलत मिळे. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या फंडाला ती नाही, त्याचा नफाही एफडीच्या व्याजासारखा तुमच्या नेहमीच्या कराच्या दरानेच मोजला जातो. फरक एवढाच की एफडीच्या व्याजावर दरवर्षी कर लागतो आणि फंडात विकल्यावर. हा फरक किती, ते मी कागदावर मांडून पाहिलं. दोन्हीकडे सात टक्के आणि कराचा दर 30 टक्के धरला, तर दोन वर्षांनी एका लाखाचे एफडीत 1,10,040 होतात आणि फंडात 1,10,143. लाखाला शंभर रुपये! एवढ्यासाठी रुग्णालयाच्या काउंटरवर उभं राहू नये.

फंडाचा खरा फायदा वेगळा आहे. लिक्विड फंडातून सात दिवसांनंतर कधीही पैसे काढले तरी दंड नसतो. बऱ्याच लिक्विड फंडांत तात्काळ पैसे काढायची सोयही असते, दिवसाला 50 हजार किंवा शिल्लकेच्या 90 टक्के, यांतलं जे कमी असेल ते. ते सुट्टीच्या दिवशीही मिळतात. तुमच्या फंडात ही सोय आहे का, ते एकदा हजारभर रुपये काढून तपासा.

तेव्हा नंतर जमलेल्या सहा लाखांची आमची वाटणी अशी झाली. एक लाख दोघांच्या बचत खात्यांत, प्रत्येकी पन्नास हजार. चार लाख एका मोठ्या बँकेत लाख-लाखाच्या चार पावत्यांत: एक त्याची, एक माझी, दोन जोड नावाने. आणि एक लाख लिक्विड फंडात, माझ्या नावाने. वर्षाला हजार-दोन हजार रुपये आम्ही यात सोडत असू. ते मी रात्रपाळीच्या वॉचमनचा पगार समजते.

फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: आधी बचत खातं, मग माझी पावती, मग त्याची, मग फंड, शेवटी जोड पावत्या. कोणत्या पैशाचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, तेही समोर लिहिलं आहे. पासवर्ड त्यावर नाहीत, ते मुलीला माहीत आहेत.