तोंड वाकडं झालं आणि पुन्हा सरळही झालं

प्रश्न : चाकणच्या आमच्या कारखान्यात रात्रपाळीला सहकाऱ्याचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, हातातला पाना गळाला, बोलणं बोबडं झालं. पंधरा मिनिटांत तो सावरला. घरी पाठवलं, ते बरोबर का?

उत्तर : नाही, त्याला आजच न्यूरोलॉजिस्टला दाखवा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबून पुन्हा मोकळी झाली असावी. अशा झटक्यानंतर पहिल्या दोन दिवसांत मोठ्या पक्षाघाताचा धोका सर्वाधिक असतो.

पुन्हा असं झालं तर त्याला हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला लावा, एक साधं वाक्य म्हणवून घ्या. यातलं एकही बिघडलं तर 108 ला फोन करा. वाहिनी तुंबलेली असताना दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतोच, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरतं. म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊ नका. पाणीही पाजू नका. चाकण चौकातली कोंडी धरून, सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं रुग्णालय आधीच हेरून ठेवा.

तो शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून घ्या. डॉक्टर साडेचार तास तिथूनच मोजतात.