शून्याच्या जवळ, शून्यावर नव्हे

मी इतिहासाचा शिक्षक. गणितातील ‘सीमा’ या संकल्पनेपर्यंत मी पोहोचलो तो एका जुन्या वादाच्या वाटेने. इ. स. १७३४ मध्ये जॉर्ज बर्कली या आयर्लंडमधील धर्मोपदेशक तत्त्ववेत्त्याने ‘द अॅनालिस्ट’ या पुस्तिकेतून न्यूटनप्रणीत गणितावर आक्षेप घेतला. तो आक्षेप आज अकरावीतील एखादा चौकस विद्यार्थीही घेतो, आणि त्याला मिळणारे उत्तर बहुधा समाधानकारक नसते.

उदाहरण घेऊ. खोल, कोरड्या विहिरीत दगड सोडला. हवेचा विरोध दुर्लक्षिला, तर पहिल्या सेकंदाअखेर तो ४.९ मीटर खाली जातो आणि एकूण अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बरोबर एक सेकंद झाला त्या क्षणी दगडाचा वेग किती? वेग म्हणजे अंतर भागिले काळ. परंतु एका क्षणात अंतर शून्य कापले जाते आणि काळही शून्यच लोटतो. शून्य भागिले शून्य, याला काहीही अर्थ नाही.

म्हणून क्षणानंतरचा छोटा काळ घेऊन सरासरी वेग काढावा. १.१ सेकंदात दगड ५.९२९ मीटर जातो. म्हणजे जादा ०.१ सेकंदात १.०२९ मीटर. सरासरी वेग सेकंदाला १०.२९ मीटर. जादा काळ ०.०१ सेकंद घेतला तर ९.८४९, ०.००१ घेतला तर ९.८०४९. आता क्षणाच्या अलीकडून पाहा. शेवटच्या ०.१ सेकंदातील सरासरी ९.३१, तर शेवटच्या ०.०१ सेकंदातील ९.७५१. दोन्ही बाजूंनी आकडे ९.८ कडे सरकत आहेत.

जादा काळाला क्ष म्हटले, तर सरासरी वेग असा मांडता येतो:

(९.८ क्ष + ४.९ क्ष²) ÷ क्ष = ९.८ + ४.९ क्ष

न्यूटनच्या काळी यापुढे क्ष शून्य धरून ९.८ हे उत्तर काढीत. बर्कलीने नेमके येथेच बोट ठेवले. भागाकार करताना क्ष शून्य नाही असे मानले, आणि भागाकार उरकताच तोच क्ष शून्य मानला. हे कोणत्या तर्कात बसते? उत्तर बरोबर येते हे त्याला मान्य होते. रीत मात्र त्याला मान्य नव्हती, आणि माझ्या मते त्याची तक्रार रास्त होती.

तिचे निरसन व्हायला शतकभर लागले. १८२१ साली पॅरिस येथे कोशी याने आपल्या पाठ्यग्रंथात सीमेला मध्यवर्ती स्थान दिले आणि पुढे बर्लिनमध्ये वायरस्ट्रास याने तिची व्याख्या काटेकोर केली. तिचे मर्म असे, की क्ष कधीच शून्य धरायचा नाही. ‘क्ष शून्य झाला तर वेग किती?’ हा प्रश्नच सोडून द्यायचा. त्याऐवजी विचारायचे : सरासरी वेग ९.८ च्या हवा तितका जवळ ठेवता येईल का? समजा, कोणी अट घातली की ९.८ पासून फरक ०.०१ पेक्षा कमी हवा. फरक आहे ४.९ क्ष. मग क्ष कोणत्याही बाजूला ०.००२ च्या आत ठेवावा; फरक ०.००९८ च्या आतच राहील. अट आणखी कडक केली, तर क्ष आणखी लहान घ्यावा. कितीही कडक अटीला असे उत्तर देता येते, म्हणून सीमा ९.८. या संपूर्ण युक्तिवादात शून्यावर काय घडते याचा उल्लेखही आलेला नाही. उद्या कोणी हट्टाने ‘क्ष शून्य असता या भागाकाराची किंमत ५० मानू’ म्हणाला, तरी सीमा ९.८ च राहील.

विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो त्याचे कारण सरळ आहे. ९.८ + ४.९ क्ष या रूपात क्ष च्या जागी शून्य ठेवले की सीमेचाच आकडा मिळतो, आणि सीमा म्हणजे ‘शून्य ठेवणे’ असा समज पक्का बसतो. परंतु हे साधे रूप मूळ भागाकाराशी शून्याखेरीज सर्वत्र जुळते. सीमा शून्याकडे पाहतच नसल्याने दोघांची सीमा एकच येते. त्या साध्या रूपात खंड नसल्यामुळे त्याची किंमत व सीमा यांचा मेळ बसतो, एवढेच.

हा समज तपासायचा तर विहीर बरोबर ४.९ मीटर खोल आहे, असे धरा. एक सेकंद होताच दगड तळाला टेकून थांबतो. त्या क्षणी तो कोठे आहे हे निश्चित आहे : तळाशी. अलीकडून काढलेले सरासरी वेग पूर्वीप्रमाणेच ९.८ कडे जातात. पलीकडचे सगळे शून्य. कारण दगड हलतच नाही. क्ष कितीही लहान घेतला तरी दोन्ही बाजूंना एकाच आकड्याच्या जवळ आणता येत नाही. येथे त्या क्षणाच्या वेगाला सीमा नाही.