भाड्याच्या गाळ्यावर जी. एस. टी. नोंदणी : अधिकाऱ्याने खुलासा मागितल्यास काय करावे

मुंबईच्या उपनगरांत शेतमालाचे दुकान उघडण्याची प्रथा आता घाटावरील व कोकणातील शेतकरी कुटुंबांत रुळली आहे. जुन्नरकडील माणूस माळशेज घाटाने मुलुंडला येतो, कोकणातील माणूस बोरिवलीस किंवा अंधेरीस गाळा घेतो. गाळा बहुधा भाड्याचाच असतो. दुकानासाठी वस्तू व सेवा कराच्या नोंदणीचा अर्ज केल्यावर काही दिवसांनी अधिकाऱ्याकडून जागेच्या कागदांविषयी खुलासा मागविणारी सूचना येते आणि पुष्कळदा अर्ज तेथेच अडतो. ही सूचना म्हणजे नकार नव्हे. परंतु तिच्याकडे वेळेवर व नेमके लक्ष न दिल्यास नकार मिळण्यास वेळ लागत नाही.

नोंदणी कोणास लागते हे आधी पाहावे. स्वतःच्या देखरेखीखाली जमीन कसणारी व्यक्ती किंवा एकत्र हिंदू कुटुंब आपल्या जमिनीत पिकलेला माल विकत असेल, तर त्या विक्रीपुरती नोंदणीची सक्ती कायद्याने ठेवलेली नाही. कांदा, टोमॅटो, भाजी विकणाऱ्या शेतकऱ्याने नोंदणीच्या मागे धावण्याचे कारण नाही. मात्र कैरीचे लोणचे घालणे, शेजारच्या गावचे तूप विकत घेऊन विकणे, हळद दळून पाकिटे करणे, हा धंदा झाला. अशा मालाची महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांवर गेली म्हणजे नोंदणी करावी लागते. तोच करपात्र माल वापीच्या किंवा सुरतेच्या व्यापाऱ्यास विकावयाचा असेल, तर राज्याबाहेरील विक्री म्हणून उलाढाल कितीही अल्प असली तरी नोंदणी लागते. छोट्या दुकानदारांवर नोंदणीचा प्रसंग बहुधा या दुसऱ्या कारणाने येतो.

अर्जाचा नमुना `GST REG-01` हा होय. तो संगणकावर भरावयाचा असून त्यास शासनाची कोणतीही फी नाही. अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे जातो. कागदांत उणीव दिसल्यास तो `GST REG-03` या नमुन्यात सूचना काढतो. सूचना मिळाल्यापासून कामाच्या 7 दिवसांत `GST REG-04` या नमुन्यात उत्तर द्यावे लागते. सूचना सोमवारी मिळाली आणि मध्ये सुट्टी नसली, तर शनिवार-रविवार वगळून पुढच्या आठवड्याचा बुधवार हा शेवटचा दिवस ठरतो. एवढ्या अवधीत गावाकडून कागद आणणे, गाळामालकास गाठणे व सोसायटीच्या चिटणीसाची सही घेणे ही तिन्ही कामे व्हावी लागतात. सूचना मोबाईलवर व ई-मेलवर येते. अर्ज करून देणाऱ्याने स्वतःचाच नंबर घातलेला असेल, तर शेतकऱ्यास सूचनेचा पत्ताच लागत नाही. म्हणून अर्जात नंबर आपला आहे ना, हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी अर्जदाराकडून पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

अधिकारी नेमके काय पाहतो

भाड्याच्या जागेबाबत अधिकाऱ्याचा प्रश्न कितीही लांब लिहिलेला असला, तरी त्याचा गाभा एकच असतो. जागेची मालकी कोणाची, त्या मालकाने ती कोणास दिली, आणि ज्यास दिली तोच अर्जदार आहे काय? मालक, भाडेकरू आणि जागा ही तीन नावे कागदोकागदी एकमेकांस जुळली पाहिजेत. जेथे जुळत नाहीत तेथे साखळीची कडी तुटलेली असते व खुलासा त्या कडीचाच मागितलेला असतो. हे न ओळखता पुष्कळ अर्जदार हाती लागतील तेवढे कागद जोडून पाठवितात. कागद दहा झाले, तरी तुटलेली कडी तुटलेलीच राहते.

एक उदाहरण घेऊ. जुन्नर तालुक्यातील एका तरुणाने मुलुंड पश्चिमेस लोणची, तूप व हळदीच्या दुकानासाठी गाळा घेतला असे समजावे. भाडे महिना 20,000 रुपये, अनामत 1,00,000 रुपये, मुदत 11 महिने. व्यवहार वडिलांनी ठरविला म्हणून करार वडिलांच्या नावे झाला, तोही स्टँप पेपरवर लिहून नोटरीपुढे. अर्ज मात्र मुलाने स्वतःच्या पॅनवर केला. मालकीचा पुरावा म्हणून विजेचे बिल जोडले. त्यावर गाळामालकाच्या दिवंगत वडिलांचे नाव. करारात जागा "गाळा क्र. 4-अ", अर्जात "दुकान क्र. 4". अधिकाऱ्याने सूचना काढली. भाडे तर पहिल्या महिन्यापासून चालूच, आणि वापीच्या व्यापाऱ्याची मागणी खोळंबलेली. कारण नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत बिलात कर लावता येत नाही.

यात पहिली कडी कराराची आहे. 11 महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही असा समज सर्वत्र आढळतो. इतर राज्यांत एक वर्षाच्या आतील भाडेपट्ट्याबाबत त्यास काही आधार असेल, महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असून नोंदविलेला असला पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी जागामालकावर आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. खर्चाचा बाऊ करण्यासारखेही काही नाही. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के असते. ते मुदतीच्या एकूण भाड्यावर व अनामत रकमेच्या 10 टक्के दराने धरलेल्या व्याजावर आकारतात. वरील उदाहरणात भाडे 2,20,000 रुपये व व्याज सुमारे 9,167 रुपये, म्हणजे शुल्क सुमारे पावणेसहाशे रुपये पडते. त्यात महानगरपालिका क्षेत्राचे 1,000 रुपये नोंदणी शुल्क व किरकोळ खर्च मिळवावा. अनामत म्हणून लाख रुपये देणाऱ्याने येथे हात आखडावा हे नवलच.

नोंदविलेल्या कराराचा कर-नोंदणीतही लाभ आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने 17 एप्रिल 2025 रोजी आपल्या अधिकाऱ्यांस दिलेल्या निर्देशांप्रमाणे करार नोंदविलेला असल्यास त्यासोबत मालकाच्या मालकीचा एखादा कागद पुरेसा होतो; मालकाचे ओळखपत्र मागावयाचे नाही. करार नोंदविलेला नसल्यास मात्र ओळखपत्रही जोडावे लागते.

दुसरी कडी भाडेकरूच्या नावाची. वडिलांनी मुलास संमतिपत्र दिले की भागले असे वाटणे साहजिक आहे. पण वडील जागेचे मालक नाहीत. लिव्ह अँड लायसन्स करारात जागा दुसऱ्यास वापरू न देण्याची अट बहुधा असते, म्हणून त्यांच्या संमतीने हेतू साधत नाही. सरळ मार्ग म्हणजे मालकाने मुलाच्या नावे नवा करार करून तो नोंदवावा. 7 दिवसांत ते शक्य नसल्यास गाळामालकाने स्वतः साध्या कागदावर मुलास संमतिपत्र द्यावे आणि त्यासोबत आपल्या मालकीचा कागद व ओळखपत्र द्यावे. अर्जाच्या नमुन्यात संमतीच्या जागेसाठी वेगळी सोय आहे. तसे केल्यास अर्जातील जागेचा प्रकार `Rented` न ठेवता `Consent` असा बदलावा, नाहीतर अधिकाऱ्यास पुन्हा विसंगती दिसते.

तिसरी कडी मालकीची, आणि उपनगरांत हीच सर्वांत अवघड. गावी घरपट्टीची पावती घरधन्याच्या नावे असते, म्हणून शेतकऱ्यास वाटते की मुंबईतही मालमत्ता कराचे बिल मागितले की काम झाले. परंतु सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या इमारतीत महानगरपालिकेचे ते बिल पुष्कळदा संपूर्ण इमारतीचे, सोसायटीच्या नावे असते. त्यात गाळामालकाचा उल्लेखही नसतो. विजेचे मीटर जुन्या मालकाच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावे वर्षानुवर्षे तसेच राहते; बिल भरले जाते, नाव बदलण्याची गरज कोणास वाटत नाही. अशा वेळी गाळ्याच्या नोंदविलेल्या खरेदीखताची इंडेक्स-2 ची प्रत सर्वांत उपयुक्त. मालकाच्या हाती गाळा वारसाने आला असेल, तर त्याचे नाव चढलेले सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, सोबत हा सभासद अमुक गाळ्याचा धारक आहे असे सोसायटीचे पत्र आणि वीजबिलावरील व्यक्तीच्या मृत्यूचा दाखला एकत्र जोडावा. नुसते वीजबिल पुन्हा पाठविल्याने काही होत नाही. गाळा ठरवितानाच, अनामत देण्यापूर्वी, मालकाकडे हे कागद आहेत काय हे विचारणे शहाणपणाचे. भाडे सुरू झाल्यावर मालकाची घाई संपलेली असते.

गाळा क्रमांकातील फरक किरकोळ दिसतो, पण तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास "दुकान क्र. 4" म्हणून शेजारचा गाळा सापडला तर अर्ज धोक्यात येतो. वीजबिल, करार व दारावरची पाटी यांवर जो क्रमांक आहे तोच अर्जात घालावा.

उत्तर भरण्याची रीत

पोर्टलवर `Services > Registration > Application for Filing Clarifications` येथे जावे. सूचनेचा क्रमांक घातल्यावर अर्जात दुरुस्ती करावयाची आहे काय असे विचारले जाते. वरील उदाहरणात पत्ता व जागेचा प्रकार बदलावयाचा असल्याने `Yes` निवडावे. फक्त कागद किंवा स्पष्टीकरण द्यावयाचे असल्यास `No`. प्रत्येक प्रश्नास त्याच क्रमाने, थोडक्यात उत्तर द्यावे. उदाहरणार्थ : "पूर्वीचा करार अर्जदाराच्या वडिलांच्या नावे होता. आता गाळामालकाने अर्जदाराच्या नावे संमतिपत्र दिले असून ते जोडले आहे. वीजबिलावरील नाव मालकाच्या दिवंगत वडिलांचे आहे; मालकाच्या नावाचे शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे पत्र व मृत्यूचा दाखला जोडला आहे. जागेचा योग्य क्रमांक गाळा क्र. 4-अ असून अर्जात तशी दुरुस्ती केली आहे." ताकदीच्या किंवा गाऱ्हाण्याच्या वाक्यांची येथे गरज नाही.

क्वचित सूचनेत अवांतर प्रश्नही येतो; उदाहरणार्थ, अर्जदार जुन्नरचा रहिवासी असता दुकान मुलुंडला का? वर सांगितलेल्या निर्देशांत केंद्रीय अधिकाऱ्यांस असे तर्कावर आधारलेले प्रश्न विचारू नयेत असे बजावले आहे. तरीही प्रश्न आलाच तर वाद न घालता "घर गावी, धंदा येथे" एवढे एका ओळीत लिहून पुढे जावे. उत्तर न देणे मात्र टाळावे.

उत्तर पोहोचल्यावर कामाच्या 7 दिवसांत अधिकाऱ्याने निर्णय द्यावयाचा असतो. उत्तर न गेल्यास किंवा समाधान न झाल्यास `GST REG-05` या नमुन्यात कारणे देऊन अर्ज नाकारला जातो. त्याविरुद्ध तीन महिन्यांत अपील करता येते. पण कारण केवळ कागदाच्या उणिवेचे असेल, तर ती उणीव दूर करून नवा अर्ज करणे लवकरचे व कमी खर्चाचे ठरते. नाकारल्याच्या आदेशातील कारणे जपून ठेवावीत आणि नव्या अर्जासोबत त्या प्रत्येक कारणाचा कागद प्रथमच जोडावा.