अठ्ठेचाळीस हजार बाटल्यांचं उत्तर

चि. मुग्धा,


तू पाठवलेलं गणित बघितलं. कोकम सरबताच्या कारखान्याचं. बाटलीची विक्री किंमत ₹100, कॉस्ट शीटप्रमाणे एकूण खर्च ₹90, वर्षाची फिक्स्ड कॉस्ट ₹4,80,000 आणि विक्री 16,000 बाटल्या. तू शंभरातून नव्वद वजा केलेस, दहा आले, त्या दहांनी चार लाख ऐंशी हजारांना भागलंस आणि ब्रेक-इव्हन पॉइंट 48,000 बाटल्या असा लिहून मोकळी झालीस. भागाकार बरोबर आहे. पण त्याच पानावर बाटलीमागे दहा रुपये नफा लिहिलेला आहे, म्हणजे कारखाना 16,000 बाटल्यांवर नफ्यात आहे. मग ना नफा ना तोटा गाठायला त्याला 48,000 बाटल्या का लागाव्यात? नफ्यातल्या धंद्याचा ब्रेक-इव्हन त्याच्या विक्रीच्या खालीच असतो. तो वर गेलेला दिसला की पुढची ओळ लिहायची नाही, थेट खर्चाच्या यादीकडे परत जायचं.

ती यादी आता नीट वाच. कोकम आणि साखर ₹37, बाटली-झाकण-लेबल ₹12, भरण्याची नगावर मजुरी ₹6, विक्रेत्याचं कमिशन ₹5. हे झाले ₹60. उरलेले ₹30 हे भाडं, सुपरवायझरचा पगार, घसारा आणि विमा यांचे आहेत. चार लाख ऐंशी हजारांना 16,000 बाटल्यांवर वाटलं की तीसच येतात. म्हणजे तू तोच खर्च दोनदा धरलास: एकदा नव्वदांच्या पोटात आणि एकदा भागाकाराच्या अंशात.

प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचार. आणखी एक बाटली भरली तर हा खर्च वाढेल का? साखर वाढेल, झाकण वाढेल, भाडं वाढणार नाही. नावावर जाऊ नकोस. इथे मजुरी नगावर आहे म्हणून ती व्हेरिएबल. तीच माणसं महिन्याच्या पगारावर असती तर तीच मजुरी फिक्स्डमध्ये गेली असती. गणितात हा तपशील एखाद्या शब्दात लपलेला असतो, आणि तुम्ही मुलं आकड्यांकडे बघताना नेमका तो शब्द ओलांडून जाता.

आता 100 मधून 60 गेले, कॉन्ट्रिब्यूशन ₹40. प्रत्येक बाटली आधी हे चाळीस रुपये फिक्स्ड कॉस्ट फेडायला देते. 4,80,000 भागिले 40 म्हणजे 12,000 बाटल्या, रुपयांत ₹12,00,000. बारा हजारावी बाटली विकली जाते तेव्हा फिक्स्ड कॉस्ट फिटलेली असते. त्यापुढच्या प्रत्येक बाटलीचे चाळीसच्या चाळीस रुपये नफ्यात जातात. दहा नव्हे.

या ‘दहा नव्हे’वर थोडं थांब. समजा गणितात पुढे विचारलं, की विक्री 14,000 वर आली तर नफा किती? वर्गातले निम्मे जण 14,000 गुणिले 10 करून ₹1,40,000 लिहितील. पण बाटलीमागे तीस रुपये फिक्स्ड कॉस्ट हा आकडा फक्त 16,000 बाटल्यांवर खरा आहे. बाटल्या कमी झाल्या म्हणून जागामालक भाडं कमी करत नाही. खरा हिशेब असा: ब्रेक-इव्हनच्या वर 2,000 बाटल्या, प्रत्येकी चाळीस, नफा ₹80,000. फिक्स्ड कॉस्ट नगावर दिली असेल तर ती किती नगांवर काढली आहे ते शोध, त्या नगांनी गुणून एकूण रक्कम कर आणि मग तो नगावरचा आकडा खोडून टाक.

एवढं झालं की मार्जिन ऑफ सेफ्टी वेगळं शिकावं लागत नाही. विक्री 16,000, ब्रेक-इव्हन 12,000, मार्जिन 4,000 बाटल्या किंवा ₹4,00,000. टक्केवारी काढताना मात्र तू 4,000 ला 12,000 ने भागून 33 टक्के लिहिशील अशी मला धास्ती आहे. भागायचं प्रत्यक्ष विक्रीने, कारण आपण विचारतोय ते हे, की आजची विक्री किती टक्के घसरली तर नफा संपेल? 4,000 भागिले 16,000, म्हणजे 25 टक्के. ताळाही इथेच होतो. कॉन्ट्रिब्यूशनचं विक्रीशी प्रमाण, म्हणजे पी/व्ही रेशो, 40 टक्के आहे. चार लाखांच्या मार्जिनचे 40 टक्के ₹1,60,000. आणि सरळ रस्त्याने: विक्री 16 लाख, व्हेरिएबल 9,60,000, फिक्स्ड 4,80,000, नफा ₹1,60,000. दोन्ही वाटा एकाच आकड्यावर आल्या नाहीत तर उत्तराखाली रेघ ओढायची नाही.

गणिताचा शेवटचा भाग तू सोडूनच दिलास: किंमत दहा टक्क्यांनी उतरवली तर काय होईल? मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. किंमत ₹90 झाली. घाईत माणूस म्हणतो, व्हेरिएबल साठच, कॉन्ट्रिब्यूशन तीस, ब्रेक-इव्हन 16,000, मार्जिन शून्य. पण कमिशन विक्री किमतीच्या पाच टक्के आहे असं प्रश्नात लिहिलंय. नव्वदाचे पाच टक्के साडेचार. म्हणून व्हेरिएबल ₹59.50, कॉन्ट्रिब्यूशन ₹30.50. ब्रेक-इव्हन 15,737.7 येतो. पाऊण बाटली विकता येत नाही आणि 15,737 वर अजून थोडा तोटाच असतो, म्हणून 15,738 लिही. 16,000 बाटल्यांवर नफा 4,88,000 वजा 4,80,000, म्हणजे ₹8,000. जुना 40 टक्क्यांचा पी/व्ही रेशो इथे चालत नाही. किंमत हलली की तो नव्याने काढावा लागतो. विक्री फक्त नगांनी वाढली असती तर मात्र तो तसाच राहिला असता.

किंमत दहा टक्के उतरली आणि नफा 1,60,000 वरून 8,000 वर आला, मार्जिन चार हजार बाटल्यांवरून 262 वर. उतरलेल्या दहा रुपयांतले साडेनऊ थेट कॉन्ट्रिब्यूशनमधून गेले, आणि खर्चाची बाजू जवळपास जागची हलली नाही. ‘भाव उतरवा, खप वाढेल’ असं म्हणणाऱ्याला आधी हे विचारावं, की तोच ₹1,60,000 नफा ठेवायला किती बाटल्या खपायला हव्यात? 6,40,000 भागिले 30.50, जवळपास 20,984. म्हणजे खप 31 टक्क्यांहून थोडा जास्त वाढायला हवा.

आणि इथे सूत्राची हद्दही लागते. पाश्चरायझरची वर्षाची क्षमता 20,000 बाटल्या असेल, तर एकवीस हजारांसाठी दुसरी पाळी आणि दुसरा सुपरवायझर लागेल, आणि फिक्स्ड कॉस्ट 4,80,000 राहणार नाही. समज ती ₹60,000 ने वाढली. नव्वदच्या भावाने नवा ब्रेक-इव्हन, आणि ₹1,60,000 नफ्यासाठी लागणाऱ्या बाटल्या, ही दोन्ही उत्तरं तू काढ. ताळ्यासकट, रविवारपर्यंत मला पाठव.

तुझी,
आत्या